फी नाही, फिल्म आहे

कोल्हापूरजवळच्या एखाद्या कॉलेजात जनसंज्ञापन शिकणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. तिने तेरा मिनिटांचा लघुपट केला आहे, नाव ‘चिपाड’. गुऱ्हाळावर काहिलीत रात्रभर रस उकळतो आहे आणि गुळव्याची दहावीतली मुलगी चुलवाणाच्या उजेडात सकाळच्या पेपरचा अभ्यास करते आहे, एवढीच गोष्ट. कॅमेरा मित्राचा, आवाज टिपायचं यंत्र कॉलेजचं, कलाकार बहुतेक गुऱ्हाळावरचीच माणसं. जेवणखाण, पेट्रोल, भाड्याचे दिवे आणि दोन हार्ड डिस्क मिळून खर्च झाला 38,000 रुपये. तो वर्गातल्या पाच जणांनी वर्गणी काढून भागवला. ही मुलगी आणि तिचा लघुपट समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. असे हिशेब मात्र महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत दरवर्षी मांडले जातात.

फिल्म तयार झाल्यावर ती लोकांपर्यंत न्यायची, तर महोत्सवांकडे पाठवावी लागते. ही मुलगी वीस महोत्सवांची यादी करते. विद्यार्थ्यांसाठीचं सवलतीचं प्रवेश शुल्क सरासरी 25 डॉलर धरलं, तर वीस ठिकाणचे 500 डॉलर होतात. डॉलर 85 रुपयांचा धरला, तर 42,500 रुपये. परदेशी व्यवहारावर बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लावते आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी पडतो. एकूण रक्कम 44,000 च्या वर जाते. म्हणजे फिल्म करण्यापेक्षा ती दाखवण्यासाठी नुसतं दार ठोठावणंच महाग पडतं. वर निवड होईल याची कुठेच खात्री नाही, आणि निवड झाली नाही म्हणून भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

या टप्प्यावर लिहायचं असतं ते शुल्कमाफीचं पत्र. महोत्सवाच्या आयोजकांना थेट ईमेल करून ‘आमचं प्रवेश शुल्क माफ कराल का’ असं विचारता येतं. अनेक महोत्सव दरवर्षी काही प्रवेशिका अशा विनाशुल्क स्वीकारतात. काहींच्या नियमावलीत मात्र माफी मिळणार नाही असं स्पष्ट छापलेलं असतं. तिथे पत्र पाठवणं म्हणजे नियम वाचले नाहीत हे स्वतःच कळवणं. पत्र कसं लिहावं हे समजून घेण्याआधी महोत्सव पैसे का घेतात आणि ते सोडतात तेव्हा नेमकं काय सोडतात, हे पाहायला हवं. चांगल्या पत्राचा सगळा आराखडा त्यातूनच निघतो.

अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाकडे 2024 च्या पर्वासाठी बारा हजारांहून अधिक लघुपट आले आणि त्यांतले 53 निवडले गेले. प्रत्येक लघुपट एकाच माणसाने, तोही सरासरी दहाच मिनिटं पाहिला असं मानलं, तरी 1,20,000 मिनिटं होतात, म्हणजे 2,000 तास. प्रत्यक्षात बऱ्याच फिल्म एकाहून अधिक जण पाहतात. सनडान्स हे टोकाचं उदाहरण झालं. पण एखाद्या मध्यम शहरातल्या, हजारभर प्रवेशिका येणाऱ्या महोत्सवालाही फिल्म पाहणारी, टिपणं लिहिणारी माणसं लागतात. शिवाय थिएटरचं भाडं, प्रक्षेपण, पाहुण्यांची राहण्याची सोय हे खर्च असतातच. ज्या महोत्सवांमागे सरकार किंवा मोठा प्रायोजक उभा असतो, त्यांतले काही शुल्क घेतच नाहीत. बाकीच्यांचा गाडा काही प्रमाणात या शुल्कावर चालतो.

आता माफीचा हिशेब पाहा. आयोजकाने एका फिल्मचं शुल्क माफ केलं, म्हणजे 25 डॉलर तर गेलेच. पण ती फिल्म पाहायला लागणारा वेळ त्याला तरीही द्यावाच लागतो. म्हणून पत्र वाचताना त्याच्या मनात प्रश्न असतो तो हा: ही फिल्म आमच्या महोत्सवात बसण्यासारखी आहे का, आणि आमच्या माणसाने तिच्यासाठी वेळ काढावा असं तिच्यात काही दिसतं का? पत्राने या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. विद्यार्थ्याकडे पैसे नाहीत ही गोष्ट खरी आणि महत्त्वाची आहे, पण माफी मागणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या पत्रात ती असते. तेवढ्यावरून आयोजकाला शंभर पत्रांतलं एक निवडता येत नाही.

नेमकी इथेच आपल्याकडच्या मुलांची गफलत होते, आणि तिचं कारण शाळेपासूनच्या सवयीत आहे. दहावीच्या वहीत आपण विनंती अर्ज शिकतो, पुढे कॉलेजात फीमाफीचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. तिथे उत्पन्नाचा दाखला जोडला आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असलं, की सवलत हा विद्यार्थ्याचा हक्क असतो. परिस्थिती सिद्ध केली की काम झालं. त्याच वळणाने महोत्सवाला लिहिलेल्या पत्रात ‘आदरणीय महोदय’पासून सुरुवात होते, मग वडिलांचा व्यवसाय, घरातली अडचण, कर्ज, आणि अगदी शेवटी ओझरता फिल्मचा उल्लेख. मुलाने लिहिलेलं सगळं खरं असतं. पण महोत्सवाची माफी हक्काने मिळत नाही. ती आयोजकाच्या मर्जीवर असते, आणि त्याला ठरवायचं असतं ते फिल्मबद्दल. त्याला लागणारी एकही गोष्ट पत्रात नसेल, तर मनात सहानुभूती असूनही तो हो म्हणू शकत नाही.

‘चिपाड’च्या दिग्दर्शिकेचं पत्र कसं असावं? परदेशी महोत्सवाला ते अर्थातच इंग्रजीत जाईल, पण मजकूर असा:

‘विषय: शुल्कमाफीची विनंती – चिपाड, 13 मिनिटं, विद्यार्थी लघुपट, भारत, मराठी

नमस्कार,

मी कोल्हापूरजवळच्या एका महाविद्यालयात जनसंज्ञापनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘चिपाड’ हा माझा पहिला लघुपट. परीक्षेच्या आदल्या रात्री बापाच्या गुऱ्हाळावर अभ्यास करणाऱ्या मुलीला पहाटेपर्यंत भट्टीही सांभाळावी लागते, अशी त्याची गोष्ट आहे. संपूर्ण चित्रण चालू गुऱ्हाळावर, भट्टीच्या उजेडात केलं आहे.

तुमच्या महोत्सवात गेली दोन वर्षं श्रम या विषयावरच्या लघुपटांचा स्वतंत्र विभाग आहे. गेल्या वर्षी त्यात दाखवलेला मीठ पिकवणाऱ्या कुटुंबावरचा लघुपट मी पाहिला. ‘चिपाड’ त्या विभागात पाठवावा असं वाटतं.

लघुपट आम्ही पाच विद्यार्थ्यांनी 38,000 रुपये (सुमारे 450 डॉलर) जमवून केला. कुठलंही अनुदान किंवा निर्माता नाही, आणि महोत्सवांच्या शुल्कासाठी रक्कम शिल्लक नाही. विद्यार्थी विभागातल्या प्रवेशासाठी शुल्क माफ करता येईल का? पूर्ण माफी शक्य नसेल, तर काही सवलत मिळाली तरी मी प्रवेशिका पाठवू शकेन.

लघुपटाची खासगी लिंक आणि पासवर्ड खाली दिला आहे. इंग्रजी सबटायटल आहेत. लघुपट अजून कुठेही जाहीरपणे दाखवलेला नाही. सोबत महाविद्यालयाचं बोनाफाईड जोडलं आहे.

तुमची पहिली मुदत पुढच्या महिन्याच्या अखेरीस आहे, त्याआधी कळवलंत तर मदत होईल. उत्तर नकारार्थी असलं तरी वेळ काढल्याबद्दल आभार.’

एवढंच. वाचायला मिनिट-दीड मिनिट पुरतं. विषयाच्या ओळीतच फिल्मचं नाव, लांबी, देश आणि भाषा आल्यामुळे पत्र उघडण्याआधीच आयोजकाला ते कशाबद्दल आहे हे कळतं आणि महिन्याभराने शोधलं तरी सापडतं. सुरुवातीला त्या महोत्सवाच्या निवड समितीतल्या माणसाचं नाव घालता आलं, तर अधिक चांगलं. बहुतेक महोत्सव ही नावं प्रसिद्ध करतात.

पत्राचा कणा आहे तो दुसरा परिच्छेद. ‘तुमचा महोत्सव जगप्रसिद्ध आहे’ हे वाक्य कुठल्याही महोत्सवाला लिहिता येतं, त्यामुळे त्यातून काहीच सांगितलं जात नाही. मागच्या वर्षी कोणता विभाग होता, त्यात कोणती फिल्म दाखवली, तिचं आपल्या फिल्मशी काय नातं, हे लिहिण्यासाठी जुन्या कार्यक्रमपत्रिका चाळाव्या लागतात. ते करताना अनेकदा आपोआप कळतं, की या महोत्सवात मुख्यतः भयपट दाखवतात, किंवा दहा मिनिटांपेक्षा लांब लघुपट ते घेतच नाहीत. तेव्हा ते नाव यादीतून काढावं. वीस नावांची यादी अशी छाटत गेली, की पत्र लिहिण्याजोगी सहा-सात ठिकाणं उरतात आणि प्रत्येकाला मनापासून लिहायला वेळही मिळतो. एकच मजकूर दोनशे महोत्सवांना पाठवणारे पुष्कळ असतात. तशी पत्रं आयोजक पहिल्या ओळीवरून ओळखतात. कधी तर त्यात दुसऱ्याच महोत्सवाचं नाव राहून गेलेलं असतं.

पैशांबद्दलचा परिच्छेद आकड्यांत बोलतो. 38,000 रुपये, पाच जण, अनुदान नाही. एवढ्यावरून वाचणाऱ्याला परिस्थिती पुरेशी समजते. दुःखाचं वर्णन वाढवत नेलं, की फिल्म मागे पडते, आणि लिहिणाऱ्याच्या स्वाभिमानालाही ते बरं नसतं. उत्पन्नाचा दाखला कुणी मागितल्याशिवाय जोडू नये. बोनाफाईड मात्र उपयोगी पडतं, कारण विद्यार्थी असल्याचा पुरावा लागतोच. अर्ध्या सवलतीचा पर्याय आपणहून सुचवण्यालाही कारण आहे. काही आयोजकांना पूर्ण माफीचा अधिकार नसतो, किंवा माफीचा कोटा संपलेला असतो. पण मुदत उलटल्यानंतरही पहिल्या मुदतीच्या कमी दरात प्रवेश देणं त्यांच्या हातात असतं. अर्थात खरोखरच एक रुपयाही भरणं शक्य नसेल, तर ते वाक्य गाळावं.

लिंकपाशी सर्वांत जास्त घात होतो. पासवर्ड चुकीचा, परवानगी न दिलेली ड्राइव्ह फाइल, आठ दिवसांत मुदत संपणारी डाउनलोड लिंक, किंवा सबटायटल नसलेली प्रत. पत्र पाठवण्यापूर्वी ती लिंक दुसऱ्याच्या फोनवर, स्वतःचं खातं बंद असताना उघडून पाहावी. फिल्म यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुली करून तीच लिंक पाठवण्याचा मोहही टाळावा. पुष्कळ महोत्सवांना जगातला, खंडातला किंवा निदान देशातला पहिला खेळ आपल्याकडे हवा असतो, आणि इंटरनेटवर खुली झालेली फिल्म त्यांच्या दृष्टीने आधीच प्रदर्शित झालेली असते. म्हणूनच ‘अजून कुठेही दाखवलेला नाही’ हे एक वाक्य पत्राचं वजन वाढवतं. ते खरं मात्र असायला हवं. कॉलेजच्या सभागृहात वर्गापुढे दाखवलं असेल, तर ते सहसा प्रदर्शन धरत नाहीत, पण शंका असली तर तसं स्पष्ट लिहावं.

वेळेचं गणितही साधं आहे. प्रवेशिका खुल्या झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आयोजकांकडे माफीची जागाही असते आणि पत्र वाचायची उसंतही. मुदत जवळ येते तशा प्रवेशिका ढिगाने येऊ लागतात, शुल्काचा दर चढत जातो आणि शेवटच्या आठवड्यात आलेली विनंती वाचायलाही कुणी मोकळं नसतं. आधी पैसे भरून मग माफी मागणं तर जवळपास व्यर्थच, कारण भरलेलं शुल्क परत करायचं की नाही हे पूर्णपणे महोत्सवावर असतं.

पत्र लिहिण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी लागते, आणि ती अनेकांच्या ध्यानात येत नाही: फिल्म कोणाच्या मालकीची आहे? पुण्याच्या एफटीआयआयमध्ये विद्यार्थ्यांच्या फिल्मची निर्माती संस्थाच असते आणि हक्कही संस्थेकडे असतात. 2024 साली कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या चित्रपटशाळांसाठीच्या विभागात चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटाला पहिलं पारितोषिक मिळालं. 2,263 प्रवेशिकांमधून निवडलेल्या 18 फिल्ममधली ही एक, आणि ती एफटीआयआयच्या एका वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमात तयार झाली होती. अशा संस्थेत फिल्म बाहेर पाठवायची तर संस्थेची परवानगी आणि तिची पद्धत पाळावी लागते. त्यामुळे माफीचं पत्रही संस्थेच्या वतीने जाणं योग्य, आणि संस्थेच्या नावाचा त्याला फायदाही होतो. आपल्या ‘चिपाड’वालीने मात्र पैसे मित्रांकडून घेतले आहेत आणि यंत्र कॉलेजचं वापरलं आहे. कॉलेजचा त्यावर काही हक्क आहे का, हे विभागप्रमुखांकडून लेखी घेऊन ठेवलं, तर पुढे निवड झाल्यावर अडचण येत नाही. संगीताचंही तसंच. गुऱ्हाळावरच्या रेडिओत वाजणारं सिनेमाचं गाणं फिल्ममध्ये शिरलं असेल, तर त्याच्या हक्कांचा खर्च माफीत वाचलेल्या पैशांच्या कित्येक पट होऊ शकतो.

काही ठिकाणी मात्र पत्र न लिहिलेलंच बरं. दर महिन्याला ‘आंतरराष्ट्रीय महोत्सव’ भरवणाऱ्या संस्था इंटरनेटवर बोकाळल्या आहेत. त्यांना थिएटर नसतं, प्रेक्षक नसतो, दाखवलेल्या फिल्मची वेळापत्रकासह यादी नसते. पारितोषिकांचे विभाग मात्र पन्नास-साठ असतात. अशांकडून माफी चटकन मिळते, निवडही होते, आणि मग मानचिन्हासाठी किंवा छापील प्रशस्तिपत्रासाठी पैसे मागितले जातात. विद्यार्थ्यांच्या उमेदीवर चालणारा हा धंदा संतापजनक आहे. ओळखायची खूण सोपी: गेल्या वर्षी कुठल्या शहरात, कुठल्या पडद्यावर, कोणत्या तारखेला काय दाखवलं, हे कळत नसेल, तर तिथे जाऊ नये. अशा ठिकाणांची दहा बोधचिन्हं पोस्टरवर लावून चांगल्या महोत्सवाला माफी मागितली, तर ती चिन्हं उलट विरोधातच जातात.

उत्तर होकारार्थी आलं, की बहुतेक वेळा एक कोड मिळतो. पूर्वी फिल्मच्या कॅसेट आणि डीव्हीडी टपालाने जात. 2000 साली सुरू झालेल्या विदाउटअबॉक्सने प्रवेशिका ऑनलाइन आणल्या. ती सेवा 2019 मध्ये बंद पडली आणि 2014 पासून चालू असलेल्या फिल्मफ्रीवेने तिची जागा घेतली. तिथे प्रवेशिका भरताना शेवटच्या पानावर माफीचा कोड घालायचा असतो, आणि देय रक्कम शून्य दिसायला हवी. शून्य दिसत नसेल, तर पुढे जाऊ नये. कोड एखाद्याच विभागासाठी असतो, किंवा त्याची तारीख संपलेली असते. विद्यार्थी विभागाऐवजी चुकून सर्वसाधारण लघुपट विभाग निवडला गेला, तरी तो चालत नाही. अशा वेळी पुन्हा लिहून विचारावं. कोड एका फिल्मसाठी दिलेला असतो. तो मित्राला वापरायला देणं हा ज्याने विश्वास टाकला त्याचा विश्वासघात आहे.

माफी मिळाली म्हणजे निवड झाली, असं मुळीच नाही. तेवढ्याने फिल्म इतर फिल्मसोबत रांगेत उभी राहते. माफी घेऊन प्रवेशिका भरली आणि नंतर दुसऱ्या महोत्सवाला पहिला खेळ देण्याचं ठरलं, तर पहिल्याला लगेच कळवून फिल्म मागे घ्यावी. नाहीतर त्यांच्या निवड समितीचा वेळ वाया जातो.

आणि नकार आला तर? किंवा काहीच आलं नाही तर? आठ-दहा दिवसांनी दोन ओळींचं एक स्मरणपत्र रास्त असतं. त्यानंतर मात्र गप्प बसावं. छाटून उरलेल्या ठिकाणांपैकी अगदी जवळचे वाटणारे दोन महोत्सव निवडून पहिल्या, स्वस्त मुदतीत सगळ्यांच्या वर्गणीतून पैसे भरणं हा तेव्हाचा व्यवहार्य मार्ग. त्यासाठी डेबिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात. भारतात ते मुळात बंदच असतात आणि मुदतीच्या रात्री हे लक्षात आलं तर हाती वेळ उरत नाही. उरलेली नावं खोडून टाकायची गरज नाही. पुष्कळ महोत्सव गेल्या एक-दोन वर्षांत पूर्ण झालेली फिल्म स्वीकारतात. ‘चिपाड’ जूनमध्ये पूर्ण झाला असेल, तर त्यांतल्या काहींच्या पुढच्या पर्वासाठीही तो पात्र असेल, आणि प्रवेशिका खुल्या झाल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना नव्याने लिहिता येईल. तोवर तिच्याकडे कदाचित एखाद्या महोत्सवातल्या खेळाची तारीख असेल. तेव्हा ‘अजून कुठेही दाखवलेला नाही’ ही ओळ काढून तिथे त्या खेळाची तारीख आणि जागा लिहावी लागेल.